शँडी, रॅडलर, मिचेलाडा : हलकं नेमकं काय होतं?

सेमाडोहच्या जंगलाकडे निघालेल्या गाड्या परतवाड्यात थांबल्या, की सामानात लिंबं आणि सोड्याच्या बाटल्या वाढतात. सोबत बिअरच्या बाटल्याही असतात आणि एक ठाम समजूतही: "सोडा टाकला न बावा, आता का चढते!" ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते.

सोडा किंवा लिंबाचं सरबत घातल्यानं घोट पातळ होतो, बिअरमधलं अल्कोहोल मात्र कुठेही जात नाही. आपल्याकडे सर्वाधिक चालते ती 'स्ट्राँग'. बाटली 650 मिलिलिटरची आणि लेबलवर कमाल 8 टक्के. हिशेब केला तर शुद्ध अल्कोहोल 52 मिलिलिटर भरतं. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या दोन पेगांतही जवळपास तेवढंच असतं. या बाटलीत तेवढाच सोडा ओतला तर पेय 1300 मिलिलिटर आणि तीव्रता 4 टक्के होते. एकच ग्लास घेऊन थांबणाऱ्याला याचा फायदा आहे. हे सगळं मिश्रण एकट्यानं संपवणाऱ्याच्या पोटात मात्र दोन पेग गेलेलेच असतात, फक्त वेळ थोडा जास्त लागला. शिवाय 4 टक्के म्हणजे बहुतेक साध्या माइल्ड बिअरइतकीच तीव्रता. त्याला शँडी म्हणणं जरा जास्तच झालं.

खरी शँडी माइल्डपासून सुरू होते. 330 मिलिलिटरचा 5 टक्क्यांचा पाइंट घ्यावा आणि त्यात तेवढंच लिंबाचं गोड पेय घालावं. तीव्रता अडीच टक्क्यांवर येते आणि एकूण अल्कोहोल साडेसोळा मिलिलिटरच राहतं. म्हणजे मोजायची ती बिअर, ग्लास नव्हे.

रॅडलरबद्दलचा घोळ वेगळाच आहे. ही जर्मनीकडची लिंबू-बिअर. 1922 साली म्युनिकजवळच्या एका खानावळवाल्यानं सायकलस्वारांची गर्दी पाहून बिअर पुरवायला ती शोधली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण लेना ख्रिस्त या लेखिकेच्या 1912च्या आठवणींत या पेयाचं नाव आधीच येऊन गेलं आहे. आपल्या उपयोगाची गोष्ट पुढची. भारतात 2018 साली किंगफिशर रॅडलर आली ती शून्य अल्कोहोलची, त्यामुळे रॅडलर म्हणजे बिनअल्कोहोलची असं अनेकांच्या डोक्यात बसलं. युरोपातल्या रॅडलरमध्ये साधारण दोन-अडीच टक्के अल्कोहोल असतं. नाव न पाहता टक्केवारी वाचावी.

मेक्सिकोची मिचेलाडा तर हलकी करण्यासाठी नसतेच. लिंबाचा रस, तिखट आणि चटकदार सॉस घालून ती ग्लासच्या कडेला मीठ लावून देतात. 330 मिलिलिटर बिअरमध्ये 45 मिलिलिटर रस-सॉस पडला तर 5 टक्क्यांचे जेमतेम 4.4 होतात. टोमॅटोचा रस अर्धाअर्ध घातला तरच ती खरोखर उतरते. शाकाहारी मंडळींनी वूस्टरशर सॉसचं लेबल पाहावं, मूळ कृतीत अँचोव्ही मासे असतात.

परतवाडा, वरूड, मोर्शी हा संत्र्यांचा पट्टा. तेव्हा आपल्या शँडीत संत्रं यायलाच हवं, असं माझं मत आहे. पण मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला नागपुरी संत्र्याचा रस थोड्या वेळानं कडवट होतो, कारण बियांतलं आणि सालीतलं लिमोनिन. बिअर आधीच कडू, त्यात ही भर. बिया काढून हातानं पिळावं, गाळून घ्यावं आणि लगेच वापरावं. गाळण्याला आणखी एक कारण आहे. गराच्या कणांवर वायूचे बुडबुडे धरतात आणि फेस टेबलावर येतो. दोन्ही थंडगार असू द्या, आधी रस घाला आणि बिअर तिरक्या ग्लासच्या कडेनं सोडा.

"लिंबू मारलं की उतरते" हा गैरसमज सर्वांत धोक्याचा. लिंबानं तोंडाची चव बदलते, रक्तातलं अल्कोहोल नाही. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निपटतं. स्ट्राँगच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम असतं, म्हणजे चार ते सहा तास. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोच्या माणसानं अर्धीच स्ट्राँग बाटली उपाशीपोटी, झटपट घेतली तर आकडा चाळिशीच्या आसपास जातो. ती सोड्यात घेतली काय न् संत्र्यात काय! वजन कमी असेल तर आणखी वर. पुढे सेमाडोहचा वळणावळणाचा घाट, त्यात रस्ता ओलांडणारी जनावरं.

शँडी दारूत मोजत नाहीत, असं समजून ती जंगलातही नेऊ नका. व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन संकुलात मद्य चालत नाही आणि अडीच टक्क्यांचं पेयही मद्यच असतं. संत्री मात्र खुशाल न्या.