बसल्या गाईचे आठ तास

गाईच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतात. त्यांच्या जागी असते एक चिवट, टणक गादी. खालचे आठ दात आणि ही गादी यांच्यामध्ये वैरण पकडायची, जिभेने आत ओढायची, दाढांखाली जेमतेम गिळण्यापुरती चावायची आणि पोटात सोडायची, ही गाईची खाण्याची रीत. गव्हाणीत टाकलेल्या पेंढीतले कडब्याचे बोटभर लांबीचे तुकडे तसेच्या तसे पोटात जातात. तासाभरात गव्हाण रिकामी होते, गाय पाणी पिते आणि बसते. खरे चावणे यानंतर सुरू होते. भरपूर वैरण मिळणारी निरोगी गाय दिवसाचे साधारण सात ते नऊ तास रवंथ करते. त्यातला बराचसा वेळ ती बसलेली असते आणि मोठा वाटा रात्रीचा असतो.

एवढा वेळ का लागतो, याचे उत्तर गवतात आहे. गवताचा, कडब्याचा, पेंढ्याचा सांगाडा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज तोडणारा पाचकरस गाईचे शरीर तयार करत नाही. माणसाचेही करत नाही. हे काम जीवाणू, आदिजीव आणि काही बुरश्या करू शकतात. गाईने पोटाच्या पहिल्या कप्प्यात त्यांना घर दिले आहे. या कप्प्याला पशुवैद्यक रूमेन किंवा कोठीपोट म्हणतात. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर ते दोनशे लिटरचे असते आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापते. आतले तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, प्राणवायू जवळपास नसतो आणि द्रवाच्या एकेका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जीवाणू असतात. या कप्प्यातले आदिजीव १८४३ मध्ये फ्रान्समध्ये ग्रुबी आणि देलाफों यांनी प्रथम पाहिले. जीवाणूंना प्राणवायूविना वाढवून त्यांचा अभ्यास करण्याची रीत पुढे अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी बसवली. १९६६ मधला त्यांचा रूमेनवरचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो.

हे जीवाणू सेल्युलोज फोडून स्वतः जगतात. त्यांच्या आंबवण्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गाईला मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के वाटा त्यांचा असतो. म्हणजे गाय गवत खाते, पण तिचे पोषण होते ते मुख्यतः जीवाणूंनी केलेल्या आम्लांवर. पुढे हे जीवाणूही द्रवाबरोबर वाहत चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या पोटात पोचतात. तिथे आपल्या जठरासारखा आम्लरस असतो. जीवाणू तिथे पचतात आणि गाईला प्रथिने देऊन जातात.

मग रवंथाचे काम काय? पहिले काम जीवाणूंना वाट करून देण्याचे. ज्वारीच्या ताटाची बाहेरची साल मेणचट आणि कठीण असते. अखंड तुकड्यावर जीवाणू चिकटू शकत नाहीत. ते शिरतात ते कापलेल्या, चिरडलेल्या, उघड्या पडलेल्या कडांमधून. तुकडा जितका चिरडला जाईल, तितक्या जास्त कडा उघड्या पडतात. दुसरे काम जागा मोकळी करण्याचे. कोठीपोटात वर वायू, त्याखाली तरंगणाऱ्या लांब धाग्यांचा जाड थर आणि तळाला द्रव अशी रचना असते. कोठीपोटाला लागून असलेल्या जाळीपोटातून तिसऱ्या कप्प्यात जाणारे दार अरुंद असते. त्यातून सहसा दोन-तीन मिलिमीटरपेक्षा बारीक कणच पुढे सरकतात, तेही जड होऊन तळाला बसल्यावर. लांब तुकड्यात आंबवणीचे बुडबुडे अडकलेले असतात, म्हणून तो वर तरंगत राहतो. तो पुन्हा चावून बारीक झाल्याखेरीज पुढे जात नाही, आणि तो पुढे गेल्याखेरीज नव्या वैरणीला जागा होत नाही.

हा तुकडा पुन्हा तोंडात कसा येतो, हे बसलेल्या गाईच्या मानेकडे नीट पाहिले तर दिसते. जाळीपोट आणि कोठीपोट सतत आकुंचन पावत असतात, मिनिटाला साधारण एक-दोनदा. लांब धागे अन्ननलिकेच्या तोंडाजवळच्या अस्तराला घासतात आणि त्या घासण्यामुळे नेहमीच्या आकुंचनाआधी जाळीपोटाचे एक जादा आकुंचन होते. त्याच वेळी गाय श्वासनलिका बंद ठेवून श्वास आत ओढल्यासारखे करते. छातीतला दाब कमी होतो, ओला घास अन्ननलिकेत खेचला जातो आणि उलट्या लाटेने वर येतो. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून एक गोळा सरसर वर जाताना दिसतो. तो तोंडात आला की गाय आधी त्यातले पाणी जिभेने दाबून काढते आणि गिळते. मग उरलेला चोथा दाढांखाली घेऊन जबडा आडवा फिरवत सावकाश चावते. एका घासाला साधारण चाळीस ते सत्तर चावे बसतात. मग गिळणे, चार-पाच सेकंदांची स्तब्धता आणि पुढचा गोळा. एका घासाला मिनिटभर धरले, तर आठ तासांत साडेचारशेहून अधिक घास आणि पंचवीस हजारांच्या आसपास चावे होतात.

या चाव्यांबरोबर आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्यावर सगळ्याची मदार असते. ती म्हणजे लाळ. मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहून अधिक लाळ तयार करते. ती नुसती बसलेली असताना लाळ जितकी सुटते, त्याच्या दुपटीच्या आसपास ती रवंथ करताना सुटते. ही लाळ अल्कधर्मी असते. लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम खाण्याच्या सोड्याइतके बायकार्बोनेट तिच्यात असते, शिवाय फॉस्फेट असते. शंभर लिटरचा हिशोब केला तर दिवसाला किलोभर सोडा गाय स्वतःच्या पोटात स्वतःच घालते. जीवाणू रात्रंदिवस आम्ल करत असतात. त्यातले काही रक्तात जाते, उरलेल्याला लाळ आवरते. कोठीपोटाचा सामू सहाच्या आसपास किंवा थोडा वर राहिला, तरच सेल्युलोज फोडणारे जीवाणू नीट काम करतात. तो सहाच्या बराच खाली गेला की त्यांचे काम मंदावते.

हे सगळे विश्रांतीतच का? गाय मुळात मोकळ्या रानात चरणारा, शिकार होणारा प्राणी. उघड्यावर मान खाली घालून जितका कमी वेळ घालवता येईल तितके चांगले, म्हणून आधी पोट भरून घ्यायचे आणि चावायचे काम सुरक्षित जागी करायचे. शिवाय रवंथासाठी निवांतपणा लागतो. कुत्रे भुंकले, अनोळखी माणूस गोठ्यात आले, तरी जबडा थांबतो. उन्हाचा कडाका, वेदना, ताप यांनीही रवंथ कमी होते. औताचे बैल दुपारी सोडून सावलीत बांधण्यामागे थकव्याइतकेच हेही कारण आहे: चालताना पोटातली वैरण नीट चावून होत नाही. रवंथ करताना गाय छातीवर सरळ बसलेली असते. या बैठकीत आंबवणीचा वायू ढेकरेवाटे सुटत राहतो. ती कुशीवर आडवी पडून राहिली, तर द्रव अन्ननलिकेच्या तोंडाशी येतो, ढेकर बंद होते आणि पोट फुगते. रवंथ करताना तिचा मेंदूही डुलकीच्या जवळ असतो. गाय खरी झोप फार थोडी घेते, दिवसाला सुमारे चार तास. बाकी विसावा ती डोळे अर्धवट मिटून, जबडा हलवत घेते.

ही घडी मोडते कशी, हे एका प्रसंगावर पाहू. समजा, दहा-बारा लिटर दूध देणारी संकरित गाय आहे. घरी लग्न झाले, उरलेला भात, पोळ्या आणि बुंदी वाया जाऊ नये म्हणून रात्री घमेलेभर तिच्यापुढे ठेवली. गाय ती आवडीने संपवते. यात चावायला लांब धागा नाही, त्यामुळे रवंथाला खाजवणारे काही नाही आणि लाळ कमी सुटते. दुसरीकडे शिजलेला स्टार्च आणि साखर वेगाने आंबतात. आम्ल वाढते, सामू साडेपाचच्या खाली उतरतो. त्या आम्लात लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू माजतात आणि सेल्युलोज फोडणारे मरू लागतात. लॅक्टिक आम्ल रक्तातले पाणी पोटात ओढून घेते. सकाळी गाय मलूल दिसते, खायला बघत नाही, रवंथ करत नाही. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली तर आकुंचन मंद किंवा बंद जाणवते. पुढे शेण पातळ आणि आंबूस होते, डोळे खोल जातात, उभे राहणे अवघड होते. उपचार न झाल्यास गाय दगावते. अशा वेळी घरगुती औषधे पाजण्यात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे, आणि रात्री काय व किती दिले ते खरे सांगावे. वसुबारसेला एका घरची एक पुरणपोळी गाईला बाधत नाही. वाड्यातल्या वीस घरांचे नैवेद्याचे ताट मात्र याच वाटेने नेते.

रोजची चूक याहून सौम्य असते, म्हणून ती चटकन कळत नाही. दूध वाढावे म्हणून खुराक वाढवला आणि वैरण यंत्रावर अगदी भुगा केली, तर गाय भराभर खाते, पण धागा आखूड असल्याने रवंथ घटते. उलट टोकाला फक्त जाड, वाळका कडबा टाकला, तर गाय खूप वेळ चावते; पण पोट भरलेलेच राहते आणि दुधाला लागणारी ऊर्जा तिला त्यातून मिळत नाही. म्हणून कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवावी, खुराक एकदम न वाढवता आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि दिवसभराचा खुराक एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा वैरणीबरोबर द्यावा.

गोठ्यात हे तपासायला यंत्र लागत नाही. खाणे उरकल्यावर तासा-दोन तासांनी जावे. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असाव्यात. एखादीचे चावे मोजावेत. सलग काही घासांत ते चाळीसच्याही खाली येत असतील, तर धागा कमी पडतो आहे असे समजावे. आणि दूधसंकलन केंद्रातली पावती पाहावी. गाईच्या दुधातले जवळपास निम्मे स्निग्ध गाय मुख्यतः ॲसेटिक आम्लापासून घडवते, आणि हे आम्ल धाग्याच्या आंबवणीतून सर्वांत जास्त मिळते. धागा घटला, रवंथ घटले, की दूध तितकेच राहूनही फॅट खाली येते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर ठरतो. त्यामुळे पावतीवरचा फॅटचा आकडा काही दिवस घसरत असेल, तर पेंडीची गोणी बदलण्याआधी गाय बसल्यावर किती वेळ जबडा हलवते ते पाहावे आणि कुट्टीची लांबी मोजावी.