मुठीतला खडा आणि पाठ केलेलं वाक्य

पडद्यावर एखादं मूल अगदी सहज वावरलं की दोन तर्क हमखास ऐकू येतात. एक, मूल उपजतच हुशार आहे. दुसरा, दिग्दर्शकाने त्याला मोकळं सोडलं असणार. सेटवर खेळ आणि छोटे टेक वापरून मुलांकडून काम करून घेण्याच्या पद्धतीबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन तर्कांमधूनच निघतात.

गैरसमज : खेळातून अभिनय म्हणजे कॅमेरा सुरू ठेवायचा आणि मूल जे करेल ते टिपायचं.

असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण उत्तम काम झालेलं असेल तर त्यामागची आखणी दिसतच नाही. ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण ऑक्टोबर १९५२मध्ये बर्दवान जिल्ह्यातल्या पालशीट गावाजवळ, काशफुलांच्या रानात सुरू झालं. छोट्या अपूने दुर्गाला शोधत त्या उंच गवतातून चालायचं, थबकायचं, इकडेतिकडे पाहायचं, एवढंच काम होतं. सुबीर बॅनर्जी या मुलाने कधी अभिनय केलेला नव्हता. ‘बहिणीला शोधतो आहेस असं समज’ एवढ्या सूचनेवर ही चाल त्याला जमेना. मग सत्यजित राय यांनी त्याच्या वाटेत छोटे छोटे अडथळे ठेवले आणि दोन्ही बाजूंच्या गवतात आपले सहायक लपवले. ठरलेल्या क्षणी एकेकाने त्याला हाक मारायची. हाक आली की मुलगा वळून बघे, अडथळा आला की पाऊल अडखळे. अपूच्या मनातली शोधाशोध पडद्यावर दिसली ती अशी. सुबीरला काहीही ‘समजून’ घ्यावं लागलं नाही. प्रत्येक वळणाची जागा आणि वेळ मात्र दिग्दर्शकाने आधी ठरवलेली होती. याला मोकळं सोडणं कसं म्हणायचं? (पुढच्या खेपेला युनिट तिथे पोहोचलं तेव्हा गुरांनी काशफुलं फस्त केली होती आणि उरलेल्या प्रसंगासाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. आखणीलाही मर्यादा असतात!)

गैरसमज : संवाद चोख पाठ असला की मूल कॅमेऱ्यासमोर चुकत नाही.

हा समज शाळेच्या स्नेहसंमेलनातून आणि नाट्यछटा स्पर्धांमधून आलेला आहे. तिथे तो खराही आहे. रंगमंचावर पुढचं वाक्य आठवलं नाही की प्रयोग अडतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर असतो आणि त्याला शब्दांआधी डोळे दिसतात. पाठ केलेलं वाक्य आठवताना लहान मुलाची नजर समोरच्या नटावरून सुटते, वाक्य एका ठरावीक चालीत येतं आणि दुसऱ्याचं बोलणं सुरू असताना त्याचे ओठ हलू लागतात. घरी आईवडिलांनी हावभावांसकट घोटून घेतलं असेल तर ती चाल मोडायलाच अर्धा दिवस जातो.

एक साधा प्रसंग घेऊ. सात वर्षांच्या मुलाने दुकानातून उरलेले पैसे लपवले आहेत आणि आईला तो खोटं सांगतो. संहितेत त्याला चार वाक्यं आहेत. ती न देता त्याच्या हातात एक खडा द्यायचा. खडा कोणत्या मुठीत आहे हे आईचं काम करणारी अभिनेत्री ओळखणार. त्याने चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही. दोन डाव झाले की तिसऱ्या डावाच्या मध्येच ती संहितेतला प्रश्न विचारते : ‘दुकानदाराने पैसे किती परत दिले रे?’ मुठीतला खडा सांभाळणारा चेहरा आणि खोटं सांभाळणारा चेहरा यांत कॅमेऱ्याला फरक दिसत नाही. उत्तर मूल आपल्या शब्दांत देतं. कथेसाठी आवश्यक असलेली माहिती मोठ्या नटाच्या वाक्यांत आधीच हलवून ठेवलेली असते, त्यामुळे मुलाचं एखादं वाक्य गळलं तरी प्रसंग उभा राहतो. हा डाव फसतोही. मूल जिंकण्याच्या आनंदात हसू लागलं की तो टेक वाया गेला. मग खेळ बदलायचा, मुलाला दटावायचं नाही.

जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांनी ‘नोबडी नोज’मध्ये मुलांच्या हाती संहिता दिलीच नव्हती. संवाद ते आयत्या वेळी तोंडी सांगत. चित्रीकरण सुमारे वर्षभर, कथेच्या क्रमाने चाललं. त्यातल्या युया यागिराला २००४मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

गैरसमज : टेक छोटे म्हणजे काम सोपं आणि कितीही वेळा घेता येणारं.

टेक वीस-तीस सेकंदांचाच असतो, पण एकाच गमतीची नवलाई तीन-चार वेळांपलीकडे क्वचितच टिकते. ती संपल्याची खूण म्हणजे उत्तर दिल्याबरोबर मूल दिग्दर्शकाकडे पाहतं : बरोबर आलं का? तिथे थांबावं. टेक मोजकेच मिळतात, म्हणून क्लॅप सुरुवातीला न देता टेकच्या शेवटी उलटा धरून देतात. सुरुवातीच्या टाळीने आणि ‘अ‍ॅक्शन’च्या आरोळीने मूल ताठ होतं. शक्य असेल तर दोन कॅमेरे लावतात, कारण मुलाची उत्स्फूर्त हालचाल दुसऱ्या कोनातून पुन्हा तशीच मिळत नाही. दिग्दर्शक टेक चालू असतानाच मुलाशी बोलत असेल तर त्याचा आवाज मुलाच्या शब्दांवर चढू न देण्याची शिस्त पाळावी लागते, नाहीतर ध्वनिमुद्रकाच्या हाती काही लागत नाही. शिवाय २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. ‘कितीही वेळा’ हा पर्याय मुळातच नाही.

गैरसमज : खरं रडू हवं असेल तर मुलाला खरोखर रडवावंच लागतं.

या समजाला मोठ्या नावांचा आधार आहे, म्हणून तो चिवट आहे. १९३१च्या ‘स्किपी’साठी दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग यांनी छोट्या जॅकी कूपरला त्याचा कुत्रा गोळी घालून मारल्याचं भासवलं. मुलगा रडला, दृश्य मिळालं, टॉरोग यांना ऑस्करही मिळालं. पन्नास वर्षांनी कूपर यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं : ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. ही युक्ती परिणामकारक होती याबद्दल वाद नाही. पण तिला खेळ म्हणणं चूक आहे. खेळात मुलाला हे खोटंखोटं आहे हे ठाऊक असतं आणि ‘मला नाही खेळायचं’ म्हणण्याची मुभा असते. इथे दोन्ही नव्हतं. व्यवहारातही ही युक्ती महाग पडते, कारण फसवलेलं मूल दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही आणि चित्रपट एका दृश्याचा नसतो. डोळे पाणावलेले हवे असतील तर ‘आधी पापणी लववेल तो हरला’ हा डाव पुरतो. पाठमोरं मूल, थरथरणारे खांदे आणि त्याच्याकडे बघणारा मोठा नट एवढ्यावरही प्रेक्षक रडू पाहतो.

गैरसमज : मग कुठल्याच मुलाला संवाद पाठ करायला देऊ नयेत.

नव्याने पटलेली गोष्ट सगळीकडे लावून पाहण्याचा मोह होतो, त्यातून हा समज येतो. ‘पथेर पांचाली’तच त्याचं उत्तर आहे. दुर्गा झालेल्या उमा दासगुप्ता यांना रंगमंचाचा अनुभव होता आणि त्यांच्यासाठी राय यांना गवतात माणसं लपवावी लागली नाहीत. सांगितलेलं समजून घेऊन त्या करत. दहा-बारा वर्षांपुढच्या अनेक मुलांना हातात संहिता नसणं हाच अपमान वाटतो. लांब भांडणाचा प्रसंग किंवा विनोदाची नेमकी टाळीची जागा खेळातून साधणं अवघडच असतं. निवडीच्या वेळीच मुलाशी तासभर खेळून आणि त्याला दोन वाक्यं देऊन पाहिलं, तर कोणाला खडा द्यायचा आणि कोणाला कागद, हे बहुधा तिथेच कळतं.