दुकानदाराच्या हाती पडेल असा तपासणी अहवाल

वेबसाइटची एसईओ तपासणी करून घेतलेल्या दुकानदाराला बहुतेक वेळा पन्नास-साठ पानांची पीडीएफ मिळते. त्यात लाल-पिवळ्या खुणा असतात आणि इंग्रजीत शेकडो 'एरर' असतात. तो ती फाइल फोनमध्ये ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही. यात त्याचा काही दोष नाही. सॉफ्टवेअरने काढलेली यादी ही तपासणीची सुरुवात असते, आणि अनेक जण तीच अहवाल म्हणून हातात देतात.

येवल्यातलं एक पैठणीचं दुकान डोळ्यांसमोर ठेवू. वर्डप्रेसवर केलेली चाळीस पानांची वेबसाइट आहे. मालकांची तक्रार अशी, की दुकानाचं नाव टाकलं तर साइट दिसते, पण 'मुनिया बॉर्डर पैठणी' असं शोधलं तर कुठेच दिसत नाही. या तक्रारीतच निम्मं निदान आहे. गूगलला दुकान माहीत आहे, दुकानातला माल माहीत नाही.

म्हणून पहिल्यांदा गूगलच्या सर्च कन्सोलमधला 'Pages' हा अहवाल उघडायचा. ही सोय फुकट आहे. कोणती पानं गूगलच्या नोंदीत आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत, हे तिथे कारणासकट लिहिलेलं असतं. आपल्या दुकानाची बारा पानं नोंदीत आहेत, अठ्ठावीस बाहेर आहेत. आकडा पाहून लगेच घाबरू नये. त्यातली सहा पानं खरेदीची पिशवी, लॉगिन अशी आहेत आणि ती बाहेरच असायला हवीत. उरलेली बावीस मात्र साड्यांची आहेत आणि त्यांच्यापुढे कारण दिलंय: 'Excluded by ‘noindex’ tag'. त्यातलं एखादं पान ब्राउझरमध्ये उघडून त्याचा सोर्स पाहिला, की ही ओळ सापडते:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

'हे पान नोंदवू नका' असं साइट स्वतःच गूगलला सांगते आहे. साइट तयार होत असताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून साइट बनवणाऱ्याने एसईओ प्लगइनमध्ये सगळ्या साड्यांसाठी ही बंदी घातली आणि काम संपल्यावर ती काढायची राहिली. बावीस पानांचा प्रश्न एका सेटिंगमध्ये अडकला आहे.

बंदी उठली तरी एक अडचण उरतेच. पानांची शीर्षकं 'नवीन साडी १', 'नवीन साडी २' अशी आहेत. साडीचं नाव, काठ, रंग, किंमत हे सगळं फोटोवरच छापलेलं आहे. ग्राहकाला ते वाचता येतं, पण गूगल मुख्यतः पानावरच्या मजकुरावरून ठरवतं की पान कशाबद्दल आहे. शीर्षक 'मुनिया बॉर्डर पैठणी, जांभळा रंग' असं हवं आणि खाली दोन-तीन वाक्यांत वीण, काठ, पदर, किंमत लिहिलेली हवी. ग्राहक देवनागरीत शोधतात तसे इंग्रजी लिपीतही शोधतात, म्हणून नाव दोन्ही लिपींत द्यावं.

सॉफ्टवेअरच्या यादीत आणखीही बरंच काही असतं. ते मी अहवालात घेत नाही. दुकानदाराला एकच कागद द्यावा आणि त्यावर प्रत्येक कामाबरोबर ते कोणी करायचं आणि झालं हे कसं ओळखायचं, एवढं लिहावं. उदाहरणार्थ:

"काम पहिलं. तुमच्या बावीस साड्यांची पानं गूगलपासून लपलेली आहेत. साइट बनवणाऱ्याला फोन करून सांगा, 'साड्यांच्या पानांवरचं noindex काढा.' काम दहा मिनिटांचं आहे. झाल्यावर सर्च कन्सोलमध्ये एका साडीचा पत्ता टाकून पाहा. 'Test Live URL' दाबल्यावर पान नोंदवता येईल असं दिसलं, की बंदी उठली.

काम दुसरं. दुकानातल्या मुलाने रोज दोन साड्यांची नावं आणि वर्णनं लिहावीत. सर्वांत जास्त विचारणा होते त्या साड्या आधी घ्याव्यात."

'क्रॉलिंग', 'कॅनॉनिकल' हे शब्द या कागदावर येऊ नयेत. साइट बनवणाऱ्यासाठी तांत्रिक तपशील लागतोच, तो वेगळ्या कागदावर द्यावा.

परिणाम कधी दिसेल, हेही तिथेच स्पष्ट लिहावं. बंदी उठली तरी गूगल पुन्हा येऊन पानं वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. शिवाय पैठणीचा धंदा लग्नसराईवर चालतो. मे महिन्याची जुलैशी तुलना केली, तर चांगलं कामही फसल्यासारखं वाटेल. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं, तेव्हा यंदाचा मे गेल्या वर्षीच्या मेशेजारी ठेवून पाहावा. 'पैठणी' या एका शब्दावर मोठ्या दुकानांशी झुंजणं छोट्या साइटला जड जातं, मुनिया किंवा बांगडी मोर अशा नेमक्या शोधांवर मात्र तिला जागा मिळू शकते.

दुकानदारांना एक विनंती आहे. सर्च कन्सोलची मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्या, साइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर सोडू नका. आणि पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलनेच लिहून ठेवलं आहे.