मामाच्या पासबुकातला तिसरा कॉलम

आजचा एपिसोड हिंगणघाटच्या माझ्या मामामुळे सुचला. मामा पन्नाशीचा. बचत म्हणाल तर एक विमा पॉलिसी, पोस्टातली अर्धवट आरडी, थोडी भिशी आणि दोन पीएफ खाती. जुनं खातं सूतगिरणीतलं, सहा वर्षांचं. गिरणी सुटल्यावर काही महिने घरी बसला. नंतर लागलेल्या कारखान्यात नवा यूएएन निघाला, त्याला आता चार वर्षं झाली.

परवा मोबाईल माझ्या हातात देत म्हणाला, "जुन्या खात्यातले पैसे काढून दे ना बापा, पोराच्या गाडीले कामी येतील."

मी पासबुक उघडलं. त्यात तीन कॉलम असतात: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. पगार 15,000 असेल तर मालकाच्या 1,800 रुपयांपैकी 1,250 पेन्शनमध्ये जातात. पहिले दोन कॉलम म्हणजे आपली शिल्लक, त्यावर व्याज मिळतं. तिसऱ्याचं गणित वेगळं आहे. तिथे किती पैसे जमले यावर पेन्शन ठरत नाही. पगार आणि नोकरीची वर्षं यांवर ठरते.

सूत्र सोपं आहे: पगार गुणिले वर्षं, भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, पण जास्तीत जास्त 15,000 धरतात. पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते, आणि त्यासाठी किमान 10 वर्षं नोकरी लागते.

आता मामाचं पाहू. फॉर्म 10-सी भरून जुनं पेन्शन काढलं, तर हातात नव्वद हजारांच्या वर येतील, पण ती सहा वर्षं पुसली जातील. 58 पर्यंत नोकरी टिकली तर 12 वर्षं होतात, पेन्शन 2,571 रुपये. सहा वर्षं जोडली तर 18 होतात, पेन्शन 3,857. महिन्याला 1,286 रुपयांचा फरक, तोही आयुष्यभर. आणि कारखाना पाच वर्षांत बंद पडला तर? नुसती नऊच वर्षं भरतील, म्हणजे पेन्शनच नाही. जोडलेली असतील तर 15.

म्हणून आम्ही पैसे काढले नाहीत, जुनं खातं नव्यात ट्रान्सफर करायला टाकलं. अर्ज पुढे सरकेना. जुन्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच नव्हती, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नव्हतं. ते आधी दुरुस्त करावं लागतं. ऑनलाइन जमलं नाही तर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथे कागद घेऊन जा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात जुन्या पेन्शनच्या जागी शून्य दिसू शकतं. घाबरू नका, तिथे पैसे नाही, वर्षं पुढे जातात. ती जोडली गेली का, हे पोर्टलवर View → Service History मध्ये पाहा. दोन्ही नोकऱ्या एकाच यूएएनखाली दिसल्या पाहिजेत.

साडेतीन-चार हजारांत म्हातारपण निघत नाही, हे मामालाही कळतं. म्हणून पहिल्या दोन कॉलमांनाही त्याने हात लावला नाही. पोराची गाडी आता हप्त्यावर येणार आहे, आणि हप्ता पोरगाच भरणार आहे!