एसटीचं ८ रुपये ७० पैशांचं तिकीट १० ला, मग १७ रुपये ४० पैशांचं १५ ला कसं? पाचच्या पटीचं गणित आणि एक्सेलमधली गडबड

जून २०१८ मध्ये एसटीची १८ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा सोबत आणखी एक बदल आला होता. तिकिटाची रक्कम पाचच्या पटीत करायची. कारण अगदी साधं होतं, सुट्टे पैसे. कंडक्टर आणि प्रवासी यांच्यातली निम्मी भांडणं एक-दोन रुपयांच्या सुट्ट्यावरून होतात, हे साताऱ्याहून सांगलीला एकदा जरी लाल परीनं गेला असाल तरी तुम्हाला माहीत असेल. तेव्हा नियम सांगताना जे उदाहरण दिलं गेलं ते असं होतं: तिकीट ७ रुपये होत असेल तर ५ घ्यायचे, ८ होत असेल तर १० घ्यायचे.

म्हणजे जवळचा पाच जो असेल तो. कधी प्रवाशाचा फायदा, कधी महामंडळाचा.

ऑक्टोबर २०२१ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा ८ रुपये ७० पैशांवर गेला. पहिला टप्पा ८.७०, त्याला जवळचा पाच म्हणजे १०. दोन टप्पे १७.४०, जवळचा पाच १५. म्हणून तेव्हा पहिल्या टप्प्याला प्रवासी १ रुपया ३० पैसे जास्त द्यायचा आणि दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेला तर २ रुपये ४० पैसे कमी द्यायचा. विचित्र वाटतं, पण नियमाला धरून होतं.

आता हेच गणित तुम्हाला एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये करायचं आहे असं समजा. दुकानाचे दर असतील, मेसचं बिल असेल, वडापची भाडी असतील. इथे तीन फंक्शन समोर येतात आणि तिन्ही वेगवेगळी उत्तरं देतात.

आधी एक नेहमीची चूक

बरेच जण पहिल्यांदा `=ROUND(A2,5)` लिहितात आणि काहीच होत नाही म्हणून वैतागतात. ROUND मधला दुसरा आकडा म्हणजे दशांश चिन्हानंतर किती घरं ठेवायची ते. ५ लिहिलं की तो पाच घरं ठेवतो, १७.४० तसाच राहतो. पाचच्या पटीसाठी आधी रकमेला ५ ने भागायचं, आलेलं उत्तर पूर्णांकात आणायचं आणि परत ५ ने गुणायचं. CEILING आणि FLOOR ला मात्र पाच थेट सांगता येतो.

```
=ROUND(A2/5,0)*5
=CEILING(A2,5)
=FLOOR(A2,5)
```

पहिला जवळच्या पाचवर जातो. दुसरा नेहमी वरच्या पाचवर, तिसरा नेहमी खालच्या. एसटीचा तो नियम पहिल्यासारखा होता. १७.४० ला ROUND १५ देतो, CEILING २० देतो, FLOOR १५ देतो. ८.७० ला ROUND १०, CEILING १०, FLOOR ५.

फरक केवढा पडतो ते बघायला मी एक ते सहा टप्प्यांची एकेक तिकिटं मांडली. सहाही तिकिटांची खरी बेरीज १८२ रुपये ७० पैसे होते. ROUND ने १८० येते, CEILING ने १९५ आणि FLOOR ने १६५. सहा तिकिटांत वरच्या आणि खालच्या पद्धतीत ३० रुपयांचं अंतर. ROUND खऱ्या बेरजेच्या जवळ राहतो, कारण त्याच्या चुका दोन्ही बाजूंनी होतात आणि एकमेकींना खातात. CEILING च्या चुका एकाच बाजूच्या असतात, त्यामुळे त्या साचत जातात. म्हणून कुणी 'राऊंड फिगर केलंय' असं म्हणालं, तर कोणत्या दिशेनं केलंय हे विचारायला हरकत नाही.

रक्कम आधीच पाचच्या पटीत असेल तर?

इथे लोकांना वाटतं की CEILING ८० चे ८५ करेल. तसं होत नाही. ८० ला तिन्ही फंक्शन ८० च देतात. ८५ तेव्हा येतात, जेव्हा कुणी CEILING माहीत नसल्यामुळे जुगाड केलेला असतो: खालचा पाच काढा आणि त्यात ५ मिळवा.

```
=FLOOR(A2,5)+5
```

७८.३० ला हे सूत्र बरोबर ८० देतं. पण नेमक्या ८० ला ८५ देतं. तपासताना कुणी नेमकी रक्कम टाकून बघत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. रक्कम स्क्रीनवर नेमकी दिसते, पण आतून नेमकी नसते. सांगलीत माझ्या मावशीचं बेदाणा आणि हळदीचं छोटं दुकान आहे. तिच्या शीटमध्ये मूळ किंमत असते आणि त्यावर ५ टक्के जीएसटी लावून CEILING ने पाचच्या पटीत दर काढलेला असतो. एका पाकिटाची मूळ किंमत ९०.४८ होती. कर धरून ९५.०० दिसत होते आणि शेजारच्या रकान्यात दर मात्र १००. तिनं मला फोन करून विचारलं, "अगं, पंच्याण्णवचे शंभर कसे झाले?"

९०.४८ गुणिले १.०५ केले की ९५.००४ येतात. रकान्याला दोनच घरं दाखवायला सांगितलेलं असल्यामुळे ९५.०० दिसतं. पण CEILING दिसणारा आकडा घेत नाही, आतला घेतो. आत ९५ च्या वर चार दशसहस्रांश नाही, चार हजारांश आहेत, पण तेवढे पुरतात. वरचा पाच म्हणजे १००. उलटही होतं: ७६.१९ वर ५ टक्के लावले की ७९.९९९५ येतात, स्क्रीनवर ८०.०० दिसतं आणि FLOOR त्याचे थेट ७५ करतो. अर्ध्या पैशाहून कमी फरकासाठी पाच रुपये!

उपाय एवढाच की आधी पैशांपर्यंत गोल करायचं, मग पाचपर्यंत.

```
=CEILING(ROUND(A2,2),5)
```

ही सवय ROUND च्या बाबतीतही उपयोगी पडते, कारण त्याची अडचण बरोबर मधोमध असते. एसटीच्या उदाहरणात ७ आणि ८ रुपयांचं सांगितलं होतं, साडेसातचं नव्हतं. ८.७० च्या टप्प्यानं हिशेब केला तर पंचविसाव्या टप्प्याला, म्हणजे १५० किलोमीटरला (सांगलीहून निघालात तर साताऱ्याच्या पुढे) बरोबर २१७.५० येतात. २१५ आणि २२० च्या अगदी मध्ये. एक्सेलचा ROUND मधोमधची रक्कम शून्यापासून लांब, म्हणजे २२० वर नेतो. पण कॉम्प्युटर ८.७० हा आकडा आतमध्ये शून्य आणि एकच्या भाषेत ठेवतो, तिथे तो नेमका बसत नाही, केसभर कमी राहतो. त्याला २५ ने गुणलं की उत्तरही २१७.५० हून केसभर कमी येतं. एखादा प्रोग्रॅम ते सावरून घेतो, एखादा २१५ देऊन मोकळा होतो. आधी दोन घरांपर्यंत ROUND केलं की हा प्रश्न उरत नाही.

उणे रकमेत खरी गंमत

गंमत म्हणजे ज्याच्या गल्ल्यातून पैसे जातात त्याला ती वाटत नाही. समजा नऊ टप्प्यांचं तिकीट आहे, साधारण सातारा ते कराड एवढं अंतर. नऊ गुणिले ८.७० म्हणजे ७८.३०. विक्रीच्या ओळीत ७८.३० आणि रद्द झालं तर परताव्याच्या ओळीत -७८.३०. दोन्ही ओळींना एकच सूत्र लावलं.

CEILING विक्रीचे ८० करतो. परताव्याचे मात्र -७५ करतो! कारण त्याच्या लेखी 'वर' म्हणजे मोठ्या संख्येकडे, आणि -७५ ही संख्या -७८.३० पेक्षा मोठी आहे. गिऱ्हाइकाकडून ८० घेतले आणि परत ७५ दिले. FLOOR ने उलटं होतं: घेतले ७५ आणि परत दिले ८०, कारण खालचा पाच -८० आहे. फक्त ROUND दोन्हीकडे सारखा वागतो, ८० आणि -८०, हिशेब शून्य.

यावर कुणी सुचवतं की दुसरा आकडाही उणे लिहा. `=CEILING(-78.3,-5)` लिहिलं की खरंच -८० येतं. पण मग विक्रीच्या ओळीला एक सूत्र आणि परताव्याला दुसरं असं ठेवावं लागतं, आणि ते एकदा चुकून खाली ओढलं की संपलं. २००७ आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये रक्कम उणे आणि पाच अधिक असं चालायचंच नाही, `#NUM!` यायचं. MROUND नावाचं, थेट जवळचा पाच देणारं फंक्शन आहे, त्याला एक्सेलमध्ये आजही चिन्हं वेगळी चालत नाहीत, तेही `#NUM!` देतं. मला विचाराल तर ते बरं. चुकीचे ७५ गुपचूप देण्यापेक्षा आरडाओरडा केलेला चांगला.

चिन्ह बाजूला काढायचं, रक्कम गोल करायची आणि चिन्ह परत लावायचं, हा सरळ मार्ग आहे:

```
=SIGN(A2)*CEILING(ROUND(ABS(A2),2),5)
```

त्याहून सोपं म्हणजे परतावा पुन्हा गोल करायचाच नाही. विक्रीच्या वेळी जे ८० ठरले, तेच उणे करून लिहायचे. मावशीच्या शीटमध्ये आम्ही हेच केलं. तिच्याकडे परत आलेल्या पाकिटांच्या ओळी CEILING ने गोल होत होत्या आणि दर परताव्यामागे पाच रुपये गल्ल्यात जास्त दिसायला हवे होते. गल्ल्यात ते नव्हते, कारण मावशी गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे देत होती. शीट आणि गल्ला जुळत नाही म्हणून ती दोन आठवडे दुकानातल्या पोरावर संशय घेत होती.

ही चूक तिलाही आधी सापडली नव्हती, कारण तिनं सूत्र तपासताना -८० टाकून बघितलं होतं. नेमक्या पाचच्या पटीत असलेली उणे रक्कम तिन्ही फंक्शन तशीच ठेवतात. तुमचं शीट तपासायचं असेल तर ७८.३०, ७७.५०, ८० आणि हेच तीन आकडे उणे करून, असे सहा टाका. ROUND ने सगळीकडे ८० आणि -८० यायला हवेत. CEILING ने अधिक बाजूला तिन्ही ८०, आणि उणे बाजूला कुठे -७५ दिसलं तर परताव्याची ओळ शोधा.