काटे गेले, पट्ट्या आल्या

घड्याळ वाचायला शिकणारं मूल एक चूक हमखास करतं. मिनिटकाटा अचूक वाचतं, पण तासकाटा तिनाकडे आहे की चाराकडे, यात गफलत होते. पावणेचार वाजलेले असतात आणि मूल सांगतं, पावणेपाच. विमानाच्या कॉकपिटमध्ये अशीच चूक वर्षानुवर्षं होत राहिली आणि ती करणारे अनुभवी वैमानिक होते.

जुन्या अल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या तबकडीला, तीन काटे असत. लांब काटा शेकडे दाखवी, आखूड काटा हजार, आणि सगळ्यात बारीक काटा दहा-दहा हजार. तबकडीच्या परिघावर चाळीस हजार फूट एकदम मावत नाहीत. मावले तरी शंभर फुटांचा फरक डोळ्याला दिसणार नाही. म्हणून तीन काटे. लांब काटा ठळक, त्याची नोंद मनात लगेच होई. बारीक काटा मात्र बाकीच्या दोघांखाली लपून जाई. 24 डिसेंबर 1958 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक ब्रिटानिया विमान दाट धुक्यात खाली उतरू लागलं. आपण आहोत त्यापेक्षा दहा हजार फूट वर आहोत, अशी वैमानिकांची समजूत होती. विमान थेट जमिनीवर आदळलं आणि बारापैकी नऊ जण गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्हायकाउंट विमान अगदी याच चुकीमुळे पडलं होतं. त्यातले सगळे सुदैवाने वाचले. यंत्र दोन्ही वेळा खरं बोलत होतं. त्याची बोलण्याची पद्धतच घातक होती.

गोल तबकड्यांना दोष द्यायचा, तर त्यांचं ऋणही मान्य केलं पाहिजे. 24 सप्टेंबर 1929 रोजी जिमी डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून विमान उडवलं, फिरवून आणलं आणि उतरवलं. त्यांच्या आसनावर पूर्ण झाकण होतं, बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. समोर होता कोल्समन यांचा सूक्ष्म अल्टिमीटर, आणि स्पेरी कंपनीची दिशा दाखवणारी व क्षितिज दाखवणारी, भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारी यंत्रं. पुढे या तबकड्यांची जागाही ठरून गेली: मधोमध कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. इंग्रजी टी अक्षरासारखी ही मांडणी. हे नीट लक्षात ठेवावं, कारण पुढे काच आली, तबकड्या गेल्या, पण ही मांडणी हलली नाही. आजच्या प्रायमरी फ्लाइट डिस्प्लेवर, ज्याला वैमानिक नुसतं पीएफडी म्हणतात, वेग डावीकडे, उंची उजवीकडे, क्षितिज मध्ये आणि दिशा खालीच आहे.

मुंबईकरांच्या एका पिढीला आठवत असेल, 1 जानेवारी 1978 ची रात्र. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघालं. समुद्रावर येऊन ते थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. मुख्य वैमानिकाच्या समोरचं क्षितिज मात्र सरळ झालं नाही. ते विमान अजून उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. खिडकीबाहेर अंधार, खाली काळा समुद्र, खरं क्षितिज कुठेच नाही. वैमानिकाने डोळ्यांसमोरच्या यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं, आणि ते वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. सहवैमानिकाच्या बाजूला दुसरं क्षितिज होतं, तिसरं राखीवही होतं. पण दोन यंत्रं परस्परांशी भांडत आहेत, हे त्या घाईच्या क्षणांत माणसालाच ओळखावं लागत होतं.

या दोन्ही चुका डोळ्यांसमोर ठेवून पीएफडीकडे पाहिलं, की त्याची रचना समजू लागते.

पडदे एका रात्रीत आले नाहीत. नासाने 1970 च्या दशकात लँगली केंद्रातल्या एका बोइंग 737 मध्ये टीव्हीसारख्या नळीच्या पडद्यांचे प्रयोग केले. 1982 मध्ये सेवेत आलेल्या बोइंग 767 मध्ये क्षितिज आणि नकाशा पडद्यावर आले, पण वेग आणि उंची अजून काट्यांवरच होती. खरी उडी 22 फेब्रुवारी 1987 रोजी पहिल्यांदा उडालेल्या एअरबस ए320 ने घेतली. क्षितिज, वेग, उंची, दिशा, चढ-उताराची गती, सगळं एका चौकोनी पडद्यावर. पट्टी ही कल्पना काचेची नव्हे, हेही इथेच सांगतो: अमेरिकी हवाई दलाच्या काही विमानांत साठच्या दशकातच यांत्रिक उभ्या पट्ट्या होत्या. काचेने त्यांना बोलतं केलं.

उंचीची पट्टी घ्या. उजव्या कडेला उभी मोजपट्टी सरकते आणि मधोमध एका स्थिर चौकटीत आकडे फिरतात, जुन्या वीजमीटरच्या चाकांसारखे. 1,500 असेल तर 1,500 च दिसतं. पट्टीला चाळीस हजार फूट एकाच वेळी दाखवायचे नसतात. ती विमानाच्या वरखालचा थोडा तुकडाच दाखवते, म्हणून तो तुकडा स्पष्ट असतो. दहा हजारांचा घोळ घालायला आता जागाच उरली नाही. शिवाय विमान जमिनीजवळ येऊ लागलं, की रेडिओ अल्टिमीटरच्या आधारे पट्टीच्या कडेला जमीन लाल पट्ट्याच्या रूपात खालून वर चढताना दिसते.

क्षितिजाचा प्रश्न असाच सोडवला. मध्ये निळं आकाश, तपकिरी जमीन, आणि पिवळ्या कडांचं काळं विमानचिन्ह. ते चिन्ह जागचं हलत नाही, त्याच्यामागचं जग कलतं. वरच्या कमानीवर 10, 20, 30 आणि 45 अंशांच्या खुणा, त्यांच्याखाली एक लहान समलंब चौकोन, जो विमान कडेला घसरत असेल तर बाजूला सरकतो. पण त्या जानेवारीच्या रात्रीची आठवण करून देणारी गोष्ट वेगळी आहे. दोन्ही वैमानिकांचे पडदे वेगवेगळ्या यंत्रांकडून माहिती घेतात आणि संगणक ती सतत ताडून पाहतो. ए320 वर कलण्यात किंवा नाक वर-खाली असण्यात पाच अंशांचा फरक पडला, की दोन्ही पडद्यांवर CHECK ATT अशी अक्षरं उमटतात. खरं कोण बोलतंय, हे ती अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी तिसऱ्या, राखीव क्षितिजाकडेच पाहावं लागतं. पण भांडण आहे, हे कळवण्याचं काम आता माणसावर सोडलेलं नाही.

वेगाच्या पट्टीवर मात्र थोडं रेंगाळायला हवं, कारण इथे काही कमावलं तसं गमावलंही गेलं. काट्याचं एक सामर्थ्य असतं: तो आकडा न वाचताही दिसतो. उतरताना वेग 132 नॉट हवा असेल, तर काटा तबकडीवर एका विशिष्ट कोनात उभा असतो. तो जरा ढळला, तर दुसरीकडे पाहणाऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातही ते टिपलं जातं. पट्टीवर आकडा एकाच जागी बदलतो. 132 आणि 122 दिसायला सारखेच, मधल्या चौकटीत. फरक कळायला वाचावं लागतं. आणि सरकण्याची दिशाही सवय होईपर्यंत बुचकळ्यात टाकते: मोठे आकडे वर असल्यामुळे वेग वाढला की पट्टी खाली सरकते.

हे नुकसान भरून काढायला पट्टीवर एक पिवळा बाण आला, आणि माझ्या मते पीएफडीवरची ती सर्वांत हुशार खूण आहे. सध्याचा कल असाच राहिला तर दहा सेकंदांनी वेग किती असेल, ते त्या बाणाचं टोक सांगतं. समजा वेग 140 आहे आणि सेकंदाला एक नॉट कमी होतोय. बाण 130 पर्यंत खाली लांबतो. काटा फक्त आजचं बोलायचा, बाण उद्याचं बोलतो. त्याच्या जोडीला पट्टीच्या कडेला रंग असतात. खाली पिवळसर पट्टा सुरू होतो, तिथे किमान सुरक्षित वेग संपतो. त्याखाली लाल. वरही लाल-काळी पट्टेदार कड असते, तिच्यापलीकडे जायचं नाही. या मर्यादा जुन्या तबकडीवरच्या रंगखुणांसारख्या कायमच्या रंगवलेल्या नाहीत. विमानाचं वजन, पंखांचे फ्लॅप, वळण यांनुसार त्या क्षणाक्षणाला सरकतात.

तरीही 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए320 बेंगळुरूच्या धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं आणि 146 पैकी 92 जण गेले. विमान सेवेत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पडदा बिघडला नव्हता, खोटंही बोलला नव्हता. खाली उतरण्याचा दर 700 फूट लावायचा होता, पण बहुधा शेजारचीच उंचीची कळ 700 वर फिरवली गेली. बेंगळुरूची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच आहे, तेव्हा 700 फूट म्हणजे पोटात जमिनीच्या. संगणकाने आज्ञा मानली, इंजिनं निष्क्रिय वेगावर आणली आणि वेग राखायची जबाबदारी विमानाच्या नाकावर सोपवली. विमान कसं वळवायचं ते पडद्यावर सुचवणारा फ्लाइट डायरेक्टर एका बाजूचा बंद केला गेला, दुसऱ्या बाजूचा चालू राहिला. दोन्ही बंद झाले असते, तर इंजिनं आपोआप वेग सांभाळायला लागली असती. नाक वर धरलेलं, इंजिनं शांत. 132 नॉटचा वेग वीसहून अधिक नॉटनी घसरला. पट्टीवर वेग घसरत होता, बाण खाली होता. धक्का देऊन इंजिनांना शक्ती द्यावी, हे लक्षात आलं तोवर ती शक्ती यायला लागणारे काही सेकंदच उरले नव्हते.

चौकशीत दोष मुख्यतः वैमानिकांवर आला. त्यांनी परिस्थिती ओळखायला हवी होती, हे खरंच. पण त्या पडद्याच्या अगदी वर, पाच रकान्यांची एक अरुंद ओळ असते आणि तिथे विमान सध्या कोणत्या आज्ञेवर चाललंय ते अक्षरांत लिहिलेलं असतं. जिथे SPEED असायला हवं होतं, तिथे THR IDLE आणि OP DES होतं. काटा चुकीचा वाचला जाण्याच्या जागी आता शब्द न वाचला जाण्याची चूक आली होती. डोळा वेगपट्टीवर जातो, क्षितिजावर जातो, बाणावर जातो. वरच्या अक्षरांत हालचाल नसते, कोन नसतो, आणि एका शब्दाच्या जागी दुसरा आला तर तो काट्यासारखा ढळत नाही.

नवी आज्ञा लागू झाली, की त्या शब्दाभोवती ए320 चा पडदा दहा सेकंद पांढरी चौकट काढतो. फक्त तिच्यावर विसंबून राहू नये, म्हणून आजचा वैमानिक वरच्या ओळीतला बदल झाल्या क्षणी मोठ्याने वाचून दाखवतो, आणि शेजारचा स्वतःच्या पडद्यावर तोच शब्द पाहून घेतो.