बिलाच्या ईमेलमध्ये आधी रक्कम

बिलासोबतचा ईमेल बहुतेक वेळा कंपनीच्या अकाउंट्स विभागात वाचला जातो. तिथल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: किती भरायचे, कधीपर्यंत आणि कुठे. लांब ईमेलमध्ये नेमक्या याच गोष्टी शेवटी येतात.

समजा, एका आर्किटेक्टने कंपनीच्या कार्यालयाचे आराखडे करून दिले. त्याच्या ईमेलचा पहिला परिच्छेद आभाराचा, दुसरा आराखड्यांतल्या बदलांचा, तिसरा पुढच्या कामाचा. चौथ्यात एक ओळ: ‘सोबत बिल जोडले आहे, 15 दिवसांत रक्कम मिळावी.’ हे 15 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की ईमेल मिळाल्यापासून? रक्कम पाहायची तर पीडीएफ उघडावी लागते. मोबाइलवर विषयाखाली दिसणारी एखादी ओळही आभारातच खर्ची पडते.

हाच ईमेल असा लिहिता येतो:

विषय: बिल क्र. 27, ₹86,400, मुदत 20 जून

नमस्कार,
भरायची रक्कम: ₹86,400 (टीडीएस वजा करून)
मुदत: शुक्रवार, 20 जून 2025
पैसे भरण्यासाठी: [लिंक]

फी ₹80,000 + जीएसटी ₹14,400 = ₹94,400. फीवर 10 टक्के टीडीएस ₹8,000 वजा. बिल आणि बँक खात्याचा तपशील सोबतच्या पीडीएफमध्ये आहे. शंका असल्यास बिलावरच्या क्रमांकावर फोन करावा.

यातला कळीचा मुद्दा रकमेचा आहे. बिलावर ₹94,400 असले तरी कंपनी टीडीएस कापून ₹86,400 च देणार असते. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर टीडीएस फक्त फीवर कापला जातो. लिंक ₹94,400 ची बनवली आणि तिच्यात रक्कम बदलता येत नसेल, तर ती निरुपयोगी ठरते आणि विचारणा सुरू होते. म्हणून टीडीएस कापला जाणार आहे का आणि किती दराने, हे आधी विचारून घ्यावे. ईमेलच्या पहिल्या ओळीत आणि लिंकमध्ये एकच आकडा ठेवावा.

लिंकसोबत बँक खाते देण्यालाही कारण आहे. बऱ्याच कंपन्या लिंकवरून पैसे न भरता एनईएफटीनेच पाठवतात. शिवाय खाते बदलल्याचे खोटे ईमेल पाठवून पैसे लाटण्याचे प्रकार होतात. खाते खरोखरच बदलले असेल, तर ते फोन करूनही कळवावे.

आराखड्यांतले बदल आणि पुढच्या कामाचे बेत वेगळ्या ईमेलने प्रकल्पप्रमुखाला पाठवावेत. अकाउंट्सला त्यांची गरज नसते. ऑर्डर क्रमांक मात्र वगळू नये. कंपनीने तो दिला असेल, तर बिल क्रमांकाशेजारीच लिहावा, कारण त्याच्याविना अनेक ठिकाणी बिल पुढे सरकत नाही.

पाठवण्यापूर्वी ईमेल स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावा. स्क्रीन न सरकवता रक्कम, तारीख आणि लिंक दिसत नसतील, तर वरचा मजकूर अजून कापायला हवा.